मशीन डबल झाल्या तरी बिटकॉइनचा ब्लॉक दहा मिनिटालाच का?

प्रश्न: उद्यमबागेत माझ्या ओळखीच्या एकानं शेडमध्ये दोन मायनिंग मशीन लावल्यात. तो म्हणतो, जगात किती पण मशीन लागू देत, बिटकॉइनचा ब्लॉक दहा मिनिटालाच येणार. मशीन डबल झाल्या तर ब्लॉक पाच मिनिटात यायला पाहिजेत की! हे कोण अडवतं? आणि परवा मी बघत बसलो होतो तर पाऊण तास ब्लॉकच आला नाही. मग त्या दहा मिनिटाचं काय?

उत्तर:

यायला पाहिजेत, आणि येतातही. जगातल्या मशीन आज दुप्पट झाल्या तर आजपासून ब्लॉक सरासरी पाच मिनिटांनी येऊ लागतील. त्या क्षणी त्यांना अडवणारं कोणी नाही. तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं लांबच्या सरासरीला लागू पडतं, आजच्या दिवसाला नाही. नियम मागे वळून हिशेब करतो: २०१६ ब्लॉक झाले की त्यांना किती वेळ लागला ते बघायचं, आणि पुढच्या २०१६ ब्लॉकांसाठी काम त्या प्रमाणात अवघड किंवा सोपं करायचं. दर ब्लॉकला दहा मिनिटं धरली तर २०१६ ब्लॉकांना बरोबर १४ दिवस, म्हणजे १२,०९,६०० सेकंद लागतात. सगळी तुलना या एका आकड्याशी होते.

आधी 'काम' म्हणजे काय ते बघू. मशीन ब्लॉकचं, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याचं, ८० बाइटचं हेडर घेते, त्यावर एसएचए-२५६ हे सूत्र दोनदा चालवते, आणि त्यातून २५६ बिटांचा एक भला मोठा आकडा निघतो, त्याला हॅश म्हणतात. तो आकडा ठरलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून लहान आला तर ब्लॉक सापडला, नाहीतर हेडरमधला नॉन्स नावाचा आकडा बदलून पुन्हा. कोणता नॉन्स लागेल ते आधी कळायची सोय नाही, म्हणून मशीन सेकंदाला कोट्यवधी कोटी वेळा फक्त फासे टाकत असते. त्या मर्यादेला टार्गेट म्हणतात. टार्गेट लहान केलं की नशीब लागायची शक्यता कमी होते. डिफिकल्टी म्हणजे सगळ्यात सोप्या टार्गेटच्या मानानं आजचं टार्गेट किती पट लहान आहे तो आकडा. डिफिकल्टी १ असताना एका ब्लॉकसाठी सरासरी ४२९ कोटी, म्हणजे जवळपास २ चा ३२ वा घात, इतके हॅश लागतात. डिफिकल्टी ज्या पटीत वाढेल त्या पटीत हेही वाढतात.

आता 'कोण' याचं उत्तर. कुठलं ऑफिस नाही, कुठला सर्व्हर नाही. जगातला प्रत्येक नोड, म्हणजे बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणारा प्रत्येक संगणक, हा हिशेब स्वतः करतो, आणि सगळ्यांकडे तेच ब्लॉक असल्यामुळे सगळ्यांचं उत्तर एकच येतं. एखाद्या माइनरनं हेडरमधल्या `bits` या जागी सोपं टार्गेट लिहून ब्लॉक पाठवला, तर हॅश त्या सोप्या टार्गेटमध्ये बसत असला तरी नोड ब्लॉक सरळ नाकारतात. गंमत म्हणजे या हिशेबात जगातल्या मशीनची संख्या, त्यांची ताकद, वीज, बिटकॉइनचा भाव यांतलं काहीच येत नाही. नोडला हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. त्याला लागतात फक्त दोन टाइमस्टॅम्प, म्हणजे ब्लॉकवर लिहिलेल्या वेळा: २०१६ ब्लॉकांच्या टप्प्याच्या पहिल्या ब्लॉकवरचा आणि शेवटच्या ब्लॉकवरचा.

एक खरा हिशेब करून बघू. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. पहिल्या २०१६ ब्लॉकांना जवळपास २४ दिवस लागले. नियमाप्रमाणे काम सोपं व्हायला हवं होतं, पण डिफिकल्टी आधीच १ होती आणि त्याखाली जायची मुभाच नाही. वर्ष जवळपास संपेपर्यंत ती १ वरच राहिली. ती पहिल्यांदा हलली ३२२५६ क्रमांकाच्या ब्लॉकला. २०१६ ला १६ ने गुणलं की हाच आकडा येतो. त्याआधीचा टप्पा ३०२४० ते ३२२५५ असा होता. ३०२४० वर टाइमस्टॅम्प आहे १२६११३०१६१ आणि ३२२५५ वर १२६२१५२७३९. हे १९७० पासूनचे सेकंद आहेत. आपल्या घड्याळात बसवले तर १८ डिसेंबर २००९ दुपारचे ३ वाजून २६ मिनिटं आणि ३० डिसेंबर सकाळचे ११ वाजून २८ मिनिटं. दोघांतला फरक १०,२२,५७८ सेकंद, म्हणजे ११ दिवस २० तास. १४ दिवसांचं काम बारा दिवसांच्या आत झालं.

१०,२२,५७८ ला १२,०९,६०० ने भागलं की ०.८४५४ येतं. जुन्या टार्गेटला यानं गुणलं की नवं टार्गेट मिळतं. जुनं `0x1d00ffff` होतं. यातला `1d` टार्गेट किती बाइट लांब आहे ते सांगतो आणि `00ffff` हे त्याचे पहिले आकडे. `ffff` म्हणजे ६५५३५. त्याला ०.८४५४ ने गुणलं की ५५४०२ येतात, आणि ५५४०२ हेक्समध्ये लिहिलं की `d86a`. ३२२५६ व्या ब्लॉकच्या हेडरमध्ये `0x1d00d86a` असंच लिहिलेलं आहे. डिफिकल्टी झाली ६५५३५ भागिले ५५४०२, म्हणजे १.१८. हाताने करायचं नसेल तर पायथॉनमध्ये एवढंच:

```python
T = 14 * 24 * 3600
span = 1262152739 - 1261130161
span = max(T // 4, min(span, T * 4))
old = 0xffff << 208
new = old * span // T
print(hex(new)[:6], old / new)
```

कुणाकडे स्वतःचा नोड चालू असेल तर कुठल्याही टप्प्याचे टाइमस्टॅम्प तिथूनच काढता येतात. पहिली ओळ ब्लॉकचा हॅश देते, तो दुसऱ्या ओळीत टाकायचा. उत्तरात `time`, `bits` आणि `difficulty` दिसतात. `mediantime` पण दिसतो, पण या हिशेबात तो घ्यायचा नाही.

```
bitcoin-cli getblockhash 32255
bitcoin-cli getblockheader <hash>
```

पायथॉनमधली तिसरी ओळ म्हणजे लगाम. एका वेळी डिफिकल्टी चौपटीपेक्षा जास्त वाढत नाही आणि पावपटीखाली उतरत नाही. हा लगाम खरोखर लागला होता. जुलै २०१० मध्ये बिटकॉइनकडे एकदम लोक वळले आणि ६६५२८ ते ६८५४३ हा टप्पा ३ दिवस ८ तासांत उरकला. चौथा हिस्सा म्हणजे साडेतीन दिवस, वेळ त्याच्याही खाली गेलेला. म्हणून नियमानं साडेतीनच दिवस धरले, आणि डिफिकल्टी ४५ वरून बरोबर चौपट, १८१ वर गेली.

आता तुमचा डबलचा प्रश्न. समजा सगळं सुरळीत आहे, टप्प्याचे पहिले सात दिवस झाले, १००८ ब्लॉक आले, आणि तिथे जगातली ताकद एका रात्रीत दुप्पट झाली. उरलेले १००८ ब्लॉक पाच-पाच मिनिटांनी साडेतीन दिवसांत संपतात. टप्पा एकूण साडेदहा दिवसांचा. १४ भागिले १०.५ म्हणजे १.३३, तेव्हा डिफिकल्टी वाढते फक्त ३३ टक्के. ताकद दुप्पट असूनही, कारण नियमानं पूर्ण टप्प्याची सरासरी घेतली आणि त्यातला अर्धा भाग जुन्या ताकदीचा होता. पुढच्या टप्प्यात ब्लॉक ६ मिनिटं ४० सेकंदांनी येतात, टप्पा ९ दिवस ८ तासांत संपतो, आणि यावेळी डिफिकल्टी दीडपट होते. १.३३ गुणिले १.५ बरोबर २. इथे गाडी परत दहा मिनिटांवर आली. म्हणजे मधले पावणेतेरा दिवस ब्लॉक घाईनं येत होते.

हेच उलटं करून बघा, कारण त्रास तिकडे आहे. टप्प्याच्या मध्यावर अर्ध्या मशीन बंद पडल्या, तर उरलेल्या १००८ ब्लॉकांना २० मिनिटांच्या दरानं १४ दिवस लागतात. मग डिफिकल्टी दोन तृतीयांश होते, पुढचा टप्पा १३ मिनिटं २० सेकंदांच्या दरानं १८ दिवस १६ तास चालतो, आणि त्यानंतर कुठे सगळं जाग्यावर येतं. वाढीच्या वेळी पावणेतेरा दिवसांत मिटलेलं घटीच्या वेळी साडेबत्तीस दिवसांवर गेलं. नियम दिवस मोजून नव्हे तर ब्लॉक मोजून जागा होतो. ब्लॉकच संथ झाले की नियमही उशिरा जागा होतो.

२०२१ मध्ये हे सगळ्यांनी बघितलं. मे-जूनमध्ये चीननं मायनिंगवर बंदी आणली, मोठमोठी गोदामं बंद झाली. त्या टप्प्यात ब्लॉक सरासरी १४ मिनिटांच्या आसपास आला आणि १४ दिवसांचा टप्पा १९ दिवसांवर लांबला. ३ जुलैला ६८९४७२ व्या ब्लॉकवर डिफिकल्टी १९.९३ टीवरून १४.३६ टीवर उतरली. टी म्हणजे लाख कोटी. एका झटक्यात जवळपास २८ टक्क्यांची ही घट आतापर्यंतची सगळ्यात मोठी. १४.३६ टीला ४२९ कोटींनी गुणून ६०० नं भागलं की सेकंदाला साधारण १०३ एक्साहॅश येतात, म्हणजे दहा मिनिटांचा ब्लॉक यायला तेव्हा जगात एवढी ताकद चालू असायला हवी होती. जगाचा हॅशरेट म्हणून जे आकडे छापून येतात ते सगळे असेच उलट्या हिशेबानं काढलेले अंदाज असतात, कुणी मीटर लावून मोजलेले नसतात.

पाऊण तासाच्या गॅपचा या सगळ्याशी काही संबंध नाही. डिफिकल्टी अगदी बरोबर बसलेली असली तरी प्रत्येक ब्लॉक हा फाशांचा खेळ. दहा मिनिटं ही सरासरी आहे, एसटीचं टाइमटेबल नव्हे. ताकद स्थिर असताना ४५ मिनिटांपेक्षा मोठा गॅप पडायची शक्यता सुमारे १.१ टक्के. दिवसाला १४४ ब्लॉक येतात, तेव्हा असा गॅप रोज एकदोनदा दिसणारच. तासाभराचा गॅप साधारण तीन दिवसांतून एकदा. उलट दहातला जवळपास एक ब्लॉक मागच्या ब्लॉकनंतर मिनिटाच्या आत येतो, पण त्याची कोणी दखल घेत नाही. आणि पाऊण तास थांबलात म्हणून पुढचा ब्लॉक 'आता येईलच' असंही नाही. तिथून पुढे सरासरी वाट दहा मिनिटांचीच.

यावर साहजिक प्रश्न येतो की मग दोन आठवडे कशाला थांबायचं, रोज हिशेब करावा की. अडचण याच नशिबाची आहे. एका दिवसाच्या १४४ ब्लॉकांवरून ताकद काढली तर नुसत्या नशिबानं आठेक टक्के इकडेतिकडे होतात. २०१६ ब्लॉकांवर तीच चूक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून एखाद्या टप्प्यात डिफिकल्टी एकदीड टक्का वाढली किंवा उतरली की 'माइनर आले', 'माइनर पळाले' अशा बातम्या लिहितात त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. तेवढा बदल ताकद तसूभर न हलताही होतो.

पण लहान चेनला, म्हणजे बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या एखाद्या लहान नाण्याच्या ब्लॉकांच्या साखळीला, दोन आठवडे परवडत नाहीत. १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइन कॅश वेगळं झालं तेव्हा ताकद बहुतेक सगळी बिटकॉइनकडे राहिली, आणि डिफिकल्टी मात्र जुनीच. नव्वद टक्के ताकद गेली असं धरलं तर ब्लॉक १०० मिनिटांनी येतो आणि २०१६ ब्लॉकांना १४० दिवस लागतात. तोवर चेन जगायची कशी? म्हणून त्यांनी एक तातडीचा नियम घातला: बारा तासांत सहापेक्षा कमी ब्लॉक आले की डिफिकल्टी लगेच २० टक्के उतरवायची. कागदावर ठीक, पण खाली यायची वाट वेगवान आणि वर जायची वाट तीच जुनी दोन आठवड्यांची. दोन्ही चेनला मशीन तीच चालते. माइनर डिफिकल्टी पडेपर्यंत थांबायचे, पडली की सगळे मिळून तुटून पडायचे, एका तासात ढिगानं ब्लॉक काढायचे, वर गेली की परत बिटकॉइनवर. चेन हजारो ब्लॉक पुढे धावली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला तो नियम काढून १४४ ब्लॉकांच्या सरासरीवर आले, आणि १५ नोव्हेंबर २०२० पासून तिथे प्रत्येक ब्लॉकला थोडाथोडा फरक करणारं सूत्र आहे. तुमच्या ओळखीचे दुसरी एखादी चेन माइन करायचं म्हणत असतील तर तिचा डिफिकल्टीचा नियम आधी विचारा. दहा मिनिटं आणि २०१६ हे आकडे बिटकॉइनचे, सगळीकडचे नव्हेत.

घड्याळाबद्दल एक शंका नेहमी येते. टाइमस्टॅम्प माइनरच लिहितो, मग खोटा का लिहू नये? थोडा लिहिता येतो. मागच्या ११ ब्लॉकांच्या मधल्या वेळेपेक्षा तो पुढचा हवा आणि नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढे नको, एवढीच अट. पण १४ दिवसांत दोन तास म्हणजे ०.६ टक्के, आणि टप्प्याच्या शेवटच्या ब्लॉकवर कुणी वेळ पुढे ढकलली तरी फायदा तेवढाच. नियमात एक जुनी खोटही आहे. २०१६ ब्लॉकांत गॅप २०१५ च असतात, पण भागायला पूर्ण १४ दिवस घेतले आहेत. त्यामुळे नियम खरं तर ६०० नव्हे, ६००.३ सेकंदांवर नेम धरतो. रोजच्या व्यवहारात ते जाणवतही नाही. मात्र दोन टप्प्यांमधला एक गॅप कुणाच्याच हिशेबात येत नाही, आणि बहुसंख्य ताकद एका हातात असेल तर ती फट वापरून डिफिकल्टी टप्प्याटप्प्यानं पाडता येते.

जाणवणारी चूक वेगळीच आहे. मशीनची ताकद वर्षानुवर्षं वाढत आली आणि नियम कायम एक टप्पा मागे. म्हणून ब्लॉक सरासरी दहा मिनिटांच्या थोडे आधीच येत राहिले. ब्लॉक काढणाऱ्याला मिळणारं बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकांनी निम्मं होतं, त्यातले लागोपाठचे दोन दिवस ९ जुलै २०१६ आणि ११ मे २०२०. मधल्या २,१०,००० ब्लॉकांना दहा मिनिटांनी १४५८ दिवस लागायला हवे होते, लागले १४०२. म्हणजे ब्लॉकला ९ मिनिटं ३७ सेकंद.

राहिल्या उद्यमबागेतल्या दोन मशीन. प्रत्येकी सेकंदाला १०० टेराहॅश, म्हणजे १०० लाख कोटी हॅश, धरू, आणि डिफिकल्टी १०० टी धरू, तो आकडा २०२४ च्या शेवटी पार झाला. दोन्ही मशीन मिळून स्वतःच्या जोरावर एक ब्लॉक काढायला सरासरी ६८ वर्षं लागतील. म्हणूनच ते पूलमध्ये, म्हणजे ताकद एकत्र लावून बक्षीस वाटून घेणाऱ्या माइनरांच्या गटात, असणार. जगात ताकद वाढली आणि डिफिकल्टी दहा टक्के चढली की त्यांच्या मशीनचा वेग तोच, हेस्कॉमचं विजेचं बिल तेच, आणि रोज मिळणारं बिटकॉइन नऊ टक्के कमी. ब्लॉकचा वेग सांभाळायची किंमत अशी प्रत्येक माइनरच्या वाट्यातून जाते. त्यांच्याकडे दिवसभर लाईट गेली तर तेवढ्या दिवसाचा त्यांचा वाटा बुडतो, ब्लॉकच्या वेगावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

त्यांच्या मशीनच्या स्क्रीनवर आणखी एक 'डिफिकल्टी' दिसते, ६५५३६ सारखी, आणि तिचा घोळ बरेच जण करतात. ती पूलनं त्या मशीनपुरती ठरवलेली असते, कामाचा पुरावा म्हणून मशीननं किती वेळानं शेअर पाठवायचा त्यासाठी. ६५५३६ वर १०० टेराहॅशची मशीन सरासरी २.८ सेकंदांनी एक शेअर पाठवते. पूलनं तो आकडा सोळापट केला तर शेअर ४५ सेकंदांनी जातो, पण प्रत्येक शेअरची किंमतही सोळापट धरली जाते, म्हणून कमाईत फरक पडत नाही. त्यामुळे शेअर कमी दिसले की मशीन बिघडली असं लगेच समजू नये. आधी हा आकडा बदललाय का ते बघावं, आणि तो तोच असून शेअर मात्र तासन्‌तास कमी येत असतील तेव्हा मशीनमधला एखादा हॅशबोर्ड बंद पडलाय का ते तपासावं.